बिंदूपासून रेषेचे अंतर आणि त्यातून त्रिकोणाचे क्षेत्रफळ: वर्गमूळ कुठे नाहीसे होते?

त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू निर्देशकांनी दिले असले, की क्षेत्रफळ काढायच्या दोन वाटा असतात. पहिली शाळेपासून ओळखीची: पाया गुणिले उंची, भागिले दोन. दुसरी निश्चयकाच्या सूत्राची, जी बहुतेक जण पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. खरे तर या दोन्ही वाटा एकच आहेत. त्या कुठे जुळतात ते एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहिले, तर सूत्र आठवले नाही तरी काम अडत नाही.

त्यासाठी एकच त्रिकोण शेवटपर्यंत वापरू: A(1, 7), B(−2, −1) आणि C(6, 5). आलेखकागदावर तो काढून समोर ठेवा. दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखेच घ्या, म्हणजे 1 सेमी = 1 एकक. प्रमाण वेगवेगळे घेतले तर कागदावर गुण्याने काढलेला लंब हा खरा लंब राहत नाही, आणि पट्टीने मोजलेले अंतर उत्तराशी जुळत नाही. आपण BC हा पाया धरू आणि A पासून त्यावरची उंची काढू.

पायरी 1: पायाच्या रेषेचे समीकरण

B पासून C पर्यंत जाताना x मध्ये 6 − (−2) = 8 चा फरक पडतो, y मध्ये 5 − (−1) = 6 चा. म्हणजे या रेषेवरचा कोणताही बिंदू (x, y) घेतला, तर B पासूनचे त्याचे उभे आणि आडवे अंतर 6 : 8 याच प्रमाणात असणार.

6(x + 2) = 8(y + 1)

सगळी पदे एका बाजूला आणली की 6x − 8y + 4 = 0 मिळते. 2 ने भागले की 3x − 4y + 2 = 0. (भागण्याआधीचे समीकरण खोडू नका, ते पुढे कामाला येणार आहे.)

आता ताळा. B ठेवला तर −6 + 4 + 2 = 0, आणि C ठेवला तर 18 − 20 + 2 = 0. ताळा दोन्ही बिंदूंनी करा. चढ चुकला असला तरी, ज्या बिंदूतून समीकरण मांडायला सुरुवात केली तो बिंदू ठेवला की शून्यच येते. चूक दुसऱ्या बिंदूवर उघडी पडते.

पायरी 2: अंतर, आधी सूत्राशिवाय

A मधून सरळ खाली रेघ ओढा. ती BC ला x = 1 वर छेदते. तिथे 3 − 4y + 2 = 0, म्हणून y = 1.25. A चा y निर्देशक 7 आहे, तेव्हा हे उभे अंतर 7 − 1.25 = 5.75. आपल्याला हवे ते लंब अंतर यापेक्षा कमीच असणार, कारण BC तिरपी आहे आणि रेषेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर लंबाचेच असते.

किती कमी, हे रेषेचा चढ सांगतो. चढ 3/4 आहे, म्हणजे 4 आडवे गेले की 3 वर, आणि तिरपी लांबी 5. हा 3-4-5 चा छोटा काटकोन त्रिकोण आणि A पासूनची उभी रेघ, लंब व BC यांनी झालेला काटकोन त्रिकोण समरूप आहेत. दुसऱ्यात उभी रेघ कर्ण आहे, आणि लंब ही छोट्या त्रिकोणातल्या 4 शी जुळणारी बाजू. म्हणून

लंब अंतर = 5.75 × 4/5 = 4.6

हीच कृती अक्षरांत केली की अकरावीच्या पुस्तकातले सूत्र तयार होते. रेषा ax + by + c = 0 आणि बिंदू (x₁, y₁) असेल, तर उभे अंतर |ax₁ + by₁ + c| / |b| येते. त्याला |b| / √(a² + b²) ने गुणायचे. |b| कटतो आणि उरते:

d = |ax₁ + by₁ + c| / √(a² + b²)

रेषा पूर्ण उभी असेल तर b शून्य असतो आणि वरची मांडणी लागू पडत नाही, पण तिथे अंतर म्हणजे नुसता x चा फरक. सूत्रात b = 0 ठेवले तरी तेच येते. आपल्या त्रिकोणात |3 − 28 + 2| / √(9 + 16) = 23/5 = 4.6.

केवलमूल्य घेण्याआधी अंशात −23 होते, हेही लक्षात असू द्या. हे चिन्ह बिंदू रेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते दाखवते. याच समीकरणात दुसऱ्या एखाद्या बिंदूची किंमत धन आली, तर तो BC च्या पलीकडे आहे.

या टप्प्यावर सर्वांत जास्त चुका स्थिरपदात होतात. समीकरण 3x − 4y = −2 असे लिहिलेले असते आणि घाईत c = −2 घेतला जातो. मग अंश |3 − 28 − 2| = 27 होतो आणि अंतर 5.4. उत्तर अशक्य वाटत नाही, म्हणून नजरेतूनही सुटते. सगळी पदे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला फक्त 0, असे लिहिल्याशिवाय a, b, c वाचू नका. y = mx + c या रूपाबाबतही तेच; तिथला c आणि इथला c वेगळे. दुसरी चूक मुळाखालची: √(9 + 16) म्हणजे 3 + 4 नव्हे. आणि मुळाखाली c घालायचा नाही. छेद फक्त रेषेच्या दिशेवर ठरतो, ती आरंभबिंदूपासून किती दूर आहे यावर नाही.

पायरी 3: क्षेत्रफळ

पाया BC = √(8² + 6²) = 10. उंची 4.6. क्षेत्रफळ = ½ × 10 × 4.6 = 23 चौरस एकक.

आता बाजूला ठेवलेले समीकरण घ्या: 6x − 8y + 4 = 0. त्यात A ठेवा. 6 − 56 + 4 = −46. छेद √(36 + 64) = 10. हा 10 म्हणजे पायाचीच लांबी, आणि हा योगायोग नाही. आपण 6 आणि 8 हे सहगुणक B आणि C च्या निर्देशकांमधील फरकांतूनच घेतले होते, म्हणून √(a² + b²) आणि BC ही एकच संख्या असणार. मग

½ × 10 × 46/10 = ½ × 46 = 23

छेदातला 10 पायाच्या 10 ने कटला. म्हणजे क्षेत्रफळ हवे असेल तर वर्गमूळ काढायचीच गरज नव्हती. समीकरण न भागता लिहायचे, तिसरा बिंदू त्यात ठेवायचा, केवलमूल्य घ्यायचे आणि निम्मे करायचे. हेच अक्षरांत लिहिले की ते प्रसिद्ध सूत्र येते:

क्षेत्रफळ = ½ |(x₂ − x₁)(y₃ − y₁) − (x₃ − x₁)(y₂ − y₁)|

एक अट मात्र पाळावी लागते: ही काटछाट न भागलेल्या समीकरणालाच लागू आहे. 3x − 4y + 2 = 0 मध्ये A ठेवून 23 चे निम्मे केले, तर 11.5 येईल आणि ते चूक. समीकरण 2 ने भागले, तसे उत्तरही निम्मे झाले. अंतराच्या सूत्रात असे होत नाही, कारण तिथे अंश आणि छेद दोन्ही एकाच पटीत बदलतात.

पाया बदलला तर

क्षेत्रफळ कोणत्याही बाजूवरून काढले तरी 23 च यायला हवे, आणि हा चांगला ताळा आहे. AB पाया घेतला तर निर्देशकांचे फरक 3 आणि 8, पाया √73, आणि C पासूनची उंची 46/√73. यांचा गुणाकार 46, निम्मे 23. पण कोणी √73 ला 8.5 धरले आणि उंची 5.4 वर आणली, तर क्षेत्रफळ 22.95 येते, 8.54 आणि 5.4 घेतले तर 23.06 च्या जवळ. सूत्र चुकलेले नाही, मध्येच दशांश तोडल्याचा हा परिणाम आहे. वर्गमूळ शेवटपर्यंत मूळ म्हणूनच ठेवा. बहुतेक वेळा ते आपोआप कटते. शिरोबिंदूंचे निर्देशक पूर्णांक असतील तर क्षेत्रफळ नेहमी पूर्णांक किंवा अर्ध्यावर संपणारे येते. 22.95 दिसले, की मागे जाऊन पाहायचे.

लंब पायाच्या बाहेर पडला तर

आपल्या त्रिकोणात A पासूनचा लंब BC वर (3.76, 3.32) या ठिकाणी पडतो, म्हणजे B आणि C यांच्या मध्ये. नेहमी असे होत नाही. A ऐवजी D(−6, −1) घ्या. रेषेपासूनचे त्याचे अंतर |−18 + 4 + 2| / 5 = 2.4, पण लंबपाद (−4.56, −2.92) हा B च्या पलीकडे आहे. क्षेत्रफळाला त्याचा काही फरक पडत नाही: ½ × 10 × 2.4 = 12. खात्री हवी तर DB हा आडवा पाया घ्या, लांबी 4, उंची 5 − (−1) = 6, पुन्हा 12.

फरक पडतो तो प्रश्नच वेगळा असेल तेव्हा. BC ही भिंत असेल आणि D पासून भिंतीपर्यंतचे सर्वांत कमी अंतर विचारले असेल, तर 2.4 हे उत्तर चूक आहे, कारण त्या ठिकाणी भिंत नाहीच. खरे अंतर B या टोकापर्यंतचे, म्हणजे 4. सूत्र अमर्याद रेषेचे अंतर देते, रेषाखंडाचे नाही.

जमिनीवरचे निर्देशक वापरताना

मोजणीचे निर्देशक मीटरमध्ये असले तर हीच रीत तशीच चालते, फक्त संख्या मोठ्या असतात. यूटीएम पद्धतीत पुण्याच्या आसपास उत्तरेचा निर्देशक वीस लाख मीटरच्या घरात जातो. असे दोन मोठे निर्देशक थेट गुणले तर गुणाकार बारा-तेरा अंकी होतो, आणि दहा अंकी कॅल्क्युलेटर नेमके तेच शेवटचे अंक गाळतो ज्यांत आपले क्षेत्रफळ असते. म्हणून आधी एका कोपऱ्याचे निर्देशक बाकीच्यांतून वजा करा, गुणाकार नंतर. वरच्या सूत्रात x₁ आणि y₁ आधीच वजा होतात ते इथे फायद्याचे ठरते.

मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश मात्र या सूत्रांत थेट घालू नका. पुण्याजवळ अक्षांशाचा 1 अंश सुमारे 111 किमी भरतो आणि रेखांशाचा सुमारे 105 किमी. दोन्ही अक्षांवर एकक सारखे नसले की काय होते, ते आलेखकागदावरच्या लंबाने आधीच दाखवले आहे.