परिषदेत भेटलेल्या माणसाला लिंक्डइनवर दोन ओळी कशा लिहाव्यात

उदाहरण गोव्यातल्या वेर्ण्याचंच घेऊ. तिथल्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने बरेच आहेत, आणि त्यांना लागणारी लहानसहान उपकरणं पुरवणाऱ्या छोट्या कंपन्याही. अशाच एका कंपनीत काम करणारा तरुण दोनापावलच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये दिवसभराच्या परिषदेला गेला. त्याची कंपनी गोदामातलं तापमान आणि दमटपणा नोंदवणारे लॉगर विकते. चहाच्या रांगेत त्याच्यापुढे एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागप्रमुख बाई उभ्या होत्या. चार-पाच मिनिटं चांगलं बोलणं झालं, कार्डांची देवाणघेवाण झाली आणि पुढच्या सत्राची घोषणा झाली. आता त्यांना लिंक्डइनवर काय लिहायचं?

बहुतेक जण असं लिहितात:

«नमस्कार मॅडम, काल परिषदेत भेटून आनंद झाला. मी अमुक कंपनीत बिझनेस डेव्हलपमेंट पाहतो. आम्ही फार्मा कंपन्यांना तापमान व आर्द्रता नोंदवणारी अद्ययावत उपकरणं पुरवतो. पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं वेळ मिळेल का?»

यात खोटं काहीच नाही, भाषाही सभ्य आहे. पण वरचं «मॅडम» काढून «सर» घाला आणि हाच मजकूर परिषदेतल्या कुणालाही पाठवा, तो तितकाच लागू पडेल. वाचणाऱ्याला हे पहिल्या ओळीतच कळतं. त्या बाईंना त्या आठवड्यात अशा बऱ्याच विनंत्या येणार आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यांची पंधरा मिनिटं हवी असणार.

कच्चा माल परिषदेतच गोळा करायचा

चांगला मेसेज घरी बसून सुचत नाही. त्याचं सामान चहाच्या रांगेतच मिळालेलं असतं, फक्त ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून बोलणं संपल्यावर पुढच्या सत्रात बसलात की लगेच त्या व्यक्तीच्या कार्डाच्या मागे एक वाक्य लिहा. कार्ड नसेल तर फोनमध्ये. आपण काय बोललो ते लिहायचं नाही, त्या व्यक्तीने काय सांगितलं ते, शक्यतो तिच्याच शब्दांत. विषयाचं नाव पुरत नाही. «गोदाम, तापमान» एवढंच लिहिलंत तर दुसऱ्या दिवशी त्यातून काही निघणार नाही.

आपल्या तरुणाने कार्डामागे लिहिलं: «सगळे लॉगर दाराजवळ लावले होते. सर्वांत गरम जागा निघाली छताखालचा वरचा रॅक.» गरम हवा वर चढते आणि पत्र्याचं छत दिवसभर तापतं, त्यामुळे हे घडतंच. पण त्या बाईंनी ते स्वतः मोजून पाहिलं होतं आणि सांगताना त्यांना त्याचं कौतुक वाटत होतं. नेमकं तेच टिपायचं. माणूस कुठलं वाक्य जरा रंगून बोलला, कुठे थांबून म्हणाला की «याचं उत्तर अजून मिळालेलं नाही», हे पकडता आलं तर पुढचं काम सोपं होतं.

याच वेळी तुम्ही काही पाठवायचं कबूल केलं असेल तर तेही लिहून ठेवा. एखाद्या अहवालाचं नाव असेल, कुणाचा नंबर असेल, नाहीतर मुंबईहून आलेल्या पाहुण्याने विचारलेलं जेवायचं ठिकाण असेल. «पाठवतो» म्हणून न पाठवणारे इतके असतात की दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखर पाठवणारा माणूस लक्षात राहतोच.

विनंती कुठल्या वाटेने जाते ते आधी पाहा

इथे बरेच जण फसतात. मोबाइल ॲपमध्ये शोधयादीतलं Connect दाबलं की अनेकदा विनंती कोरीच निघून जाते, काही लिहायला जागाच मिळत नाही. म्हणून आधी त्या व्यक्तीचं प्रोफाइल उघडा आणि तिथल्या मेनूतून Personalize invite निवडा. संगणकावर प्रोफाइलवरचं Connect दाबल्यावर Add a note हा पर्याय दिसतो. मोफत खात्यावर या टिपणीला 200 अक्षरांची मर्यादा आहे, प्रीमियमवर 300. शिवाय मोफत खात्यावर महिन्याला अशा मोजक्याच टिपण्या पाठवता येतात, तेव्हा परिषदेत भेटलेल्या सगळ्यांवर त्या उधळू नका. ज्यांच्याशी खरंच बोलणं झालं त्यांच्यासाठी राखून ठेवा.

जागेवरच एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन करून जोडले गेला असाल तर टिपणीची वेळ निघून गेली असं समजू नका. त्या ओळी साध्या मेसेजमध्ये पाठवा. तिथे मर्यादा फार मोठी आहे, पण म्हणून मजकूर वाढवू नका.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजतो. «च्या» आपल्याला एक अक्षर दिसतं, मोजणीत ती चार होतात. त्यामुळे 200 अक्षरांत मराठीचे जेमतेम तीस शब्द मावतात. भाषा मात्र तीच ठेवा ज्यात बोलणं झालं होतं. इंग्रजीत बोललेल्या माणसाला मराठीत लिहिलंत तर तो गोंधळतो. मराठीत किंवा कोकणीत मोकळं बोललेल्या माणसाला एकदम कार्यालयी इंग्रजीत लिहिलंत तर रांगेत जुळलेली ओळख क्षणात परकी होते. कोकणीत लिहिणार असाल तर समोरची व्यक्ती देवनागरी वाचते की रोमी, हे तिच्या पोस्टवरून आधी पाहून घ्या.

आता लिहूया

विनंतीसोबत तुमचं नाव, फोटो आणि कामाची ओळ दिसतेच. म्हणून «मी अमुक कंपनीत तमुक» हे वाक्य आधी काढून टाका, कारण ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधीच आहे. तुम्ही काय विकता हे सांगायचं काम त्या ओळीवर सोडा, आणि परिषदेला जाण्याआधी ती नीट लिहून ठेवा. «भेटून आनंद झाला» हेही काढा. सूचनेत मेसेजचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात आणि तेच तुम्ही सगळ्यांच्या वाक्यावर खर्च करता. «गोवा कसं वाटलं?» हे बाहेरून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला प्रत्येक जण विचारतो, तेही नको.

त्या जागी कार्डामागचं वाक्य आणा. त्यानंतर आपण कोण ते आठवायला मदत करणारी एक खूण द्या. परिषदेचं लांबलचक नाव नको, जागा किंवा प्रसंग पुरे. आपल्या तरुणाचा मेसेज असा झाला:

«नमस्कार मॅडम. गोदामातली सर्वांत गरम जागा दाराशी नाही, छतालगतच्या वरच्या रॅकवर निघाली, हे तुमचं म्हणणं परतताना डोक्यात होतं. काल दोनापावलला चहाच्या रांगेत भेटलो होतो.»

शब्द 24, आणि रिकाम्या जागा धरून अक्षरं 165. उरलेल्या 35 अक्षरांत काही घालायचा मोह होईल, तो आवरा. इथे मागणी नाही, दुवा नाही, माहितीपत्रक नाही आणि स्तुतीही नाही. «तुमचं काम फार प्रेरणादायी आहे» असं लिहिलं की वाचणारा पुढच्या मागणीची वाट पाहू लागतो. त्यांचंच वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं की एवढंच कळतं, याने ऐकलं होतं. माझ्या मते पहिल्या मेसेजचं काम तिथे पूर्ण होतं.

पाठवण्याआधी एकच तपासणी करा. नाव झाकून हा मेसेज त्या दिवशी भेटलेल्या दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का? येत असेल तर अजून झालेला नाही.

बोलण्यातलं काहीच आठवत नसेल तर ओढूनताणून आठवण तयार करू नका, ती उघडी पडते. ती व्यक्ती मंचावर बोलली असेल तर त्या भाषणातला एक मुद्दा नेमका सांगा. तेही नसेल तर कोरी विनंती पाठवा, त्यात वाईट काही नाही.

वेळेचं म्हणाल तर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. गोव्यातल्या परिषदा बऱ्याचदा शनिवार-रविवारला चिकटून असतात आणि बाहेरचे पाहुणे नंतर दोन दिवस किनाऱ्यावर थांबतात. सोमवारी मुंबई-पुण्याला पोचल्यावर त्यांच्यापुढे आठवड्याच्या कामाचा ढीग असतो, त्यात तुमची ओळ बुडते.

विनंती मान्य झाल्यावर

खरी परीक्षा इथे असते. बाईंनी विनंती मान्य केली आणि तासाभरात तिकडे माहितीपत्रक जाऊन पडलं, तर आधीच्या दोन ओळी आमिष ठरतात. वेर्णा, फोंडा, पणजी एवढ्याच टापूत फिरणाऱ्यांना तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात, आणि कुणी कसं विकलं हे ती एकमेकांना सांगतातही.

लिहायचंच असेल तर दोन-तीन दिवसांनी असा एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर एका ओळीत देता येईल आणि जे तुम्हाला खरोखर हवं आहे. आपल्या तरुणाला खरंच कुतूहल होतं, म्हणून त्याने विचारलं: «वरच्या रॅकचा फरक फक्त उन्हाळ्यात दिसला की पावसाळ्यातही?» पावसाळ्यात छत कमी तापतं, पण दमटपणा वाढतो, तेव्हा उत्तर दोन्ही बाजूंनी जाऊ शकतं. असा प्रश्न कामातल्या माणसाला आवडतो, कारण त्याने तो स्वतःलाही विचारलेला असतो.

धंद्याची गोष्ट समोरून निघाली की मात्र आडपडदा नको. «तुमचे लॉगर वरच्या रॅकवर चालतील का?» असं त्यांनी विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं. मर्यादा काय आहेत तेही सांगायचं आणि किंमत विचारली तर किंमतही. चहाच्या रांगेतच त्यांनी दरपत्रक मागितलं असेल तर वरचं काहीच लागू नाही. ते पहिल्याच दिवशी ईमेलने पाठवायचं आणि लिंक्डइनवर «दरपत्रक ईमेलवर पाठवलं आहे» एवढंच कळवायचं. मागितलेली गोष्ट लपवून नुसत्या गप्पा मारणं हाही एक प्रकारचा नाटकीपणा आहे आणि तो ओळखू येतो.

उत्तर आलंच नाही तर «माझा मेसेज पाहिलात का?» असं विचारू नका. विनंती पडून राहिली म्हणून ती मागे घेऊन पुन्हा पाठवण्याची घाईही नको, कारण एकदा मागे घेतली की त्याच व्यक्तीला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. तशीच राहू द्या. बरेच लोक लिंक्डइन महिन्यातून एकदाच उघडतात.