पूलमध्ये उतरायच्या आधी केस भिजवा

पोहायला जाताना केस कोरडे ठेवून उडी मारू नका, आधी शॉवरखाली साध्या पाण्याने मुळापासून टोकापर्यंत नीट भिजवा, कारण केस एकदा पाणी प्यायले की क्लोरीनचं पाणी कमी शोषतात. मग टोकांना चमचाभर खोबरेल तेल किंवा कंडिशनर चोळा, सैल वेणी घाला आणि वरून कॅप. कॅपने पाणी पूर्ण अडत नाही, पण मुलींचे लांब केस मोकळे राहून गुंतत नाहीत. बाहेर आल्यावर लगेच धुवा, घरी जाईपर्यंत थांबू नका. गुंता कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत जा, मुळापासून ओढलात तर केस तुटणारच.