लाइट जाणारच: गावातल्या शूटसाठी बॅटरी आणि चार्जरचं गणित

शॉर्ट फिल्म किंवा माहितीपट घेऊन पहिल्यांदाच गावाकडं शूटला निघालेल्यांना एकच गोष्ट पटवायची आहे. गावातली वीज दिवे लावायला वापरू नका, बॅटऱ्या भरायला वापरा. सॉकेटमध्ये वीज असली तरी सीनचा मुख्य दिवा पहिल्या शॉटपासून बॅटरीवरच ठेवा.

सीन अर्धा झाल्यावर लाइट गेली आणि मग दिवा बॅटरीवर घेतला, तर उजेड तोच राहील याची खात्री नसते. बरेच एलईडी दिवे अडॅप्टरवर पूर्ण ताकद देतात आणि बॅटरीवर आपोआप कमी करतात. बॉक्सवर ६० वॅट छापलेला दिवा एनपी-एफ या छोट्या बॅटऱ्यांवर त्याच्या निम्म्याच्या आसपासच चालतो, असंही पाहिलंय. मग एकाच सीनमध्ये आईचा शॉट उजळ, मुलाचा मंद, आणि एडिटला बसल्यावर दोन्ही एकाच रात्रीचे वाटत नाहीत. ‘पोस्टमध्ये बघू’ म्हणणारा सीनियर तेव्हा शेजारी नसतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच बॅटरीवर जेवढा उजेड मिळतो तेवढ्यात फ्रेम बसवा. मग लाइट गेली तरी सीनला कळत नाही.

रेकीला गेल्यावर लोकेशनची विचारपूस सगळेच करतात, पण फीडर, म्हणजे त्या घराला वीज आणणारी लाइन, कोणता हे फारसं कुणी विचारत नाही. गावठाणातलं घर आणि शेतातली वस्ती यांत वीजपुरवठ्याचा मोठा फरक असतो. जिथं फीडर वेगळे केलेत, तिथं गावठाणाला बहुतेक वेळ वीज असते. शेतीपंपांच्या फीडरला मात्र थ्री फेज ठरलेल्या तासांपुरतीच मिळते. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आणि पाळी आठवड्यागणिक बदलते, अशी पद्धत कित्येक वर्षं चालत आली. सौर फीडर आलेल्या भागात ती दिवसाकडं सरकली आहे. तुमचं सुंदर मातीचं घर शेतात असेल तर ते शेतीच्या फीडरवर असू शकतं, आणि रात्रीचा सीन नेमका वीज नसलेल्या आठवड्यात येऊ शकतो. घरमालक ‘लाइट असती की’ म्हणतो आणि मनापासून म्हणतो, पण त्याच्या दृष्टीनं रोज दोन तास जाणं म्हणजे असणंच. गावच्या वायरमनला विचारा. या आठवड्यात पाळी कोणती, देखभालीचा वार कोणता, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड किती आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. माझं ठाम मत आहे की शूटच्या आधीच्या दिवशी वायरमनसोबत घेतलेला चहा कुठल्याही ऑनलाइन मास्टरक्लासपेक्षा जास्त शिकवतो.

आता एक सापळा. यात आम्ही अडकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

बॅटऱ्या सगळे मोजतात, पण चार्जर कुणी मोजत नाही.

बीड जिल्ह्यातलं एक गाव, दोन रात्रींचं शूट, माजघरातला सीन. मुख्य दिवा ६० वॅटचा, व्ही-माउंट ही मोठी बॅटरी घेणारा. रात्री सात ते बारा काम. सेटअप बदलताना दिवा बंद करण्याची शिस्त पाळली तर पाच तासांपैकी साडेतीन तास तो चालू राहतो. ६० गुणिले साडेतीन म्हणजे २१० वॅट-तास. व्ही-माउंटवर ९५ वॅट-तास लिहिलेलं असतं, पण भाड्यानं आलेली बॅटरी जुनी असते, म्हणून ८० धरा. २१० भागिले ८०, म्हणजे तीन बॅटऱ्या, आणि एक राखीव. चार झाल्या. इथवरचं गणित प्रत्येक नवा माणूस बरोबर करतो आणि निर्धास्त होतो.

पहिली रात्र छान जाते, पण राखीवही वापरली जाते. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चारही बॅटऱ्या पुन्हा भरायच्या असतात. भाड्याच्या किटमध्ये साधारणपणे एकच चार्जर येतो. तो दोन अँपिअरचा असेल तर बॅटरीत ताशी तीस-बत्तीस वॅट-तास जातात आणि शेवटी शेवटी वेग मंदावतो. एक बॅटरी भरायला साडेतीन तास, चार बॅटऱ्यांना चौदा तास. दिवसभरात वीज मिळाली सहा तास, तीही तुकड्यातुकड्यानं. म्हणजे दुसऱ्या रात्री हातात धड दोन भरलेल्या बॅटऱ्याही नाहीत. चारऐवजी आठ बॅटऱ्या आणल्या असत्या तर त्या दोन रात्री निघाल्या असत्या, पण तिसऱ्या रात्री पुन्हा तेच झालं असतं.

म्हणून उलट्या बाजूनं मोजा. दिवसात खात्रीनं वीज किती तास? समजा चार. त्या चार तासांत किती बॅटऱ्या भरल्या पाहिजेत? चार. म्हणजे एकाच वेळी चार बॅटऱ्या लागतील एवढे चार्जर हवेत. दोन खणांचे दोन चार्जर घ्या, पण घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा की दोन्ही खण एकदम भरतात की एकामागून एक. काही चार्जर पहिली बॅटरी पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात लावतात, आणि दोन खण दिसले की आपण गैरसमजात राहतो.

एनपी-एफवाल्यांची अवस्था आणखी वाईट होते. मोठी एनपी-एफ बॅटरी सत्तेचाळीसेक वॅट-तासांची. तिच्यासोबत येणारा यूएसबीवरचा जुळा चार्जर मोबाइलच्या साध्या अडॅप्टरला लावला तर दोन्ही खणांत मिळून दहा वॅट जातात. दोन बॅटऱ्या भरायला दहा-अकरा तास! तो चार्जर घरी ठेवा आणि थेट भिंतीच्या सॉकेटला लागणारा जोरकस चार्जर आणा.

यात एक दिलासाही आहे. चार व्ही-माउंट एकदम भरायला दीडशे वॅटच्या आसपास वीज लागते, म्हणजे दोन पंख्यांएवढी. ती कुठल्याही घरातून मिळते, आणि ते घर लोकेशनचंच असायची गरज नाही. शूट शेतात असेल तर चार्जिंग गावठाणातल्या किराणा दुकानात किंवा ओळखीच्या घरी लावा. विजेचे पैसे आपणहून द्या. आणि युनिटमधल्या एका माणसाकडं फक्त हेच काम द्या. लाइट आली की त्यानं धावायचं, भरलेल्या बॅटरीवर हिरवी चिकटपट्टी, रिकामीवर लाल. क्लॅपही तूच दे आणि बॅटऱ्याही तूच बघ असं केलंत की बॅटऱ्या राहतात.

बॅटरीवरच्या चार ठिपक्यांवर विश्वास ठेवू नका. स्वस्त बॅटऱ्यांत ते लोड नसताना चार दाखवतात आणि दिवा लावताच दोनवर येतात. निघण्याआधी प्रत्येक बॅटरी पूर्ण भरून दिवा फुल ठेवा, तो बंद पडेपर्यंतची मिनिटं मोजा आणि चिकटपट्टीवर लिहून बॅटरीलाच चिकटवा. कंटाळवाणं काम आहे. तरीही कराच.

फ्रेममध्ये दिसणारा बल्ब विसरला जातो. आपला मुख्य दिवा बॅटरीवर, पण भिंतीवरचा बल्ब घरच्या विजेवर. लाइट गेली की तो विझतो आणि शॉट मेला. यावर बाजारात मिळणारा रिचार्जेबल इमर्जन्सी बल्ब लावायचा शॉर्टकट सर्रास सांगितला जातो. लावू नका. लाइट गेल्यावर तो चालू राहतो खरा, पण पुष्कळदा लगेच मंद होतो, आणि काहींत कॅमेऱ्याला पट्टे दिसतात. त्याऐवजी सोलर किटसोबत मिळतो तसा १२ व्होल्टचा एलईडी बल्ब आणि १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची छोटी सीलबंद बॅटरी घ्या. ९ वॅटचा बल्ब त्यावर चार-पाच तास आरामात चालतो. वायर भिंतीमागं किंवा उतरंडीआड लपवा. पट्टे येतात का ते तुमच्या फ्रेमरेट आणि शटरवर आधी तपासा.

घरातल्या इन्व्हर्टरचा मोह होईल. छोट्या लोडला तो खरंच कामाचा असतो. १५० अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. निम्मेच वापरले आणि इन्व्हर्टरची गळती सोडली तरी ८० वॅटचं सामान आठेक तास चालायला हवं. पण ती बॅटरी भरलेली आहे का? तिला पूर्ण भरायला सलग दहा-बारा तास लागतात, आणि लोडशेडिंगच्या गावात ते सहसा मिळत नाहीत. मल्टिमीटर न्या. चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद करून तासाभरानं मोजा. १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी संपलेली. शिवाय इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर पंखा घुमतो आणि अडॅप्टरही कुईं करतो, आणि ते साउंडमध्ये येतं. हेडफोन लावून ऐकल्याशिवाय होकार देऊ नका.

जनरेटरबद्दल थोडक्यात. चार्जिंगसाठी उत्तम, सीन चालू असताना नको. बंद खोलीत किंवा गोठ्यात कधीच चालवू नका, त्याच्या धुरानं माणसं मरतात. तारेवर आकडा टाकून देतो म्हणणारा कुणीतरी भेटेलच. त्याला नाही म्हणा, शूट रद्द झालं तरी चालेल.

गेलेली लाइट परत येते तेव्हाही सांभाळा. येण्याजाण्याचे झटके बसतात, आणि कुठं न्यूट्रल तुटलेला असेल तर २३० च्या जागी चारशेच्या जवळचं व्होल्टेज सॉकेटमध्ये येऊ शकतं. लाइट गेली की चार्जरचे प्लग काढून ठेवा. आल्यावर दहा मिनिटं थांबा, मीटर लावा, आकडा दोनशेवीस-चाळीसच्या मध्ये स्थिर दिसला की मगच प्लग घाला.

एवढं करूनही एखाद्या रात्री शेवटची बॅटरी हातात उरते आणि पाच शॉट बाकी असतात. घाबरू नका, क्रम नीट लावा. वाइड शॉट आधी घ्या, कारण त्यात दिवा फ्रेमबाहेर लांब ठेवावा लागतो आणि पूर्ण ताकद लागते. मग क्लोजकडं या. दिवा चेहऱ्यापासून तीन मीटरवरून दीड मीटरवर आणला की तेवढाच उजेड पाव ताकदीत मिळतो. ६० वॅटऐवजी १५. वाइडनंतर बॅटरीत २० वॅट-तास उरले असतील तर क्लोजसाठी अजून तासाभराहून जास्त वेळ आहे. जवळ आणलेल्या दिव्याचा उजेड मागं जाताना झपाट्यानं कमी होतो, म्हणून मागच्या भिंतीवर काळोख वाढेल. तिथं फ्रेममधल्या १२ व्होल्टच्या बल्बचा उजेड थर्माकोलवरून परतवा, म्हणजे वाइडशी मेळ बसतो.