एका ओळीवर उभी राहणारी ठुमरी: प्रतीक्षेचा मुखडा कसा लिहावा

ठुमरी लिहायला बसणाऱ्याने एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते, ती ही की आपल्याला कविता पूर्ण करायची नाही. बनारसच्या बोल-बनावाच्या ठुमरीत गायिका वीस-पंचवीस मिनिटे गाते आणि त्यातला बराचसा वेळ एकाच ओळीवर, म्हणजे मुखड्यावर, घालवते. तीच ओळ दर वेळी निराळ्या स्वरांनी, निराळ्या थांब्यांनी म्हणून तिच्यातून नवा अर्थ काढणे यालाच बोल बनवणे म्हणतात. ही गोष्ट लखनौच्या बंदिशीच्या ठुमरीपेक्षा वेगळी आहे. तिथे शब्द अधिक, लय द्रुत आणि लयीशी खेळ मोठा असतो. हा लेख पहिल्या प्रकाराविषयी आहे, आणि त्यातही प्रियकराची वाट पाहणाऱ्या नायिकेच्या मुखड्याविषयी.

आधी नायिकेची वेळ ठरवावी

भरताच्या नाट्यशास्त्रापासून नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या जातात आणि त्यांतल्या निदान चार प्रतीक्षेशी जोडलेल्या आहेत. सजून, घर आवरून बसलेली वासकसज्जा आहे. त्याला उशीर होतो आहे म्हणून कासावीस झालेली विरहोत्कंठिता आहे. ठरवूनही तो आलाच नाही अशी विप्रलब्धा आहे. आणि जिचा नवरा परदेशी गेला आहे अशी प्रोषितभर्तृका आहे. नावे पाठ असण्याची गरज नाही, पण तो किती दूर आहे आणि किती उशीर झाला आहे, हे लिहिणाऱ्याला नेमके ठाऊक असावे. एका संध्याकाळचा उशीर आणि सहा महिन्यांचा विरह यांचे शब्द एक असू शकत नाहीत.

या लेखासाठी मी दिवेलागणीची वेळ निवडतो. तो आज येणार होता. उशीर झाला आहे, पण फार नाही. अजून आशा आहे आणि नेमके तेच अवघड आहे. ही नायिका वासकसज्जा आणि विरहोत्कंठिता यांच्या सीमेवर उभी आहे, आणि अशा सीमेवरची नायिका गायिकेला सर्वांत अधिक जागा देते, कारण ती कुठल्याही क्षणी दोन्हीकडे झुकू शकते.

भावनेचे नाव न घेता कृती शोधावी

माझा पहिला खर्डा ‘बिरहा अगन जरावे जियरा’ असा होता. ब्रजभाषेत तो शोभून दिसतो, त्यात अनुप्रासही आहे. एका गायिकेने तो दोन-तीनदा गुणगुणून पाहिला आणि कागद खाली ठेवला. ‘यात मी काय करू? सगळे तुम्हीच सांगून टाकले आहे,’ असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे खरे होते. विरहाची आग जीव जाळते असे एकदा म्हटले की ती ओळ दुःखानेही म्हणता येते आणि अधिक दुःखानेही म्हणता येते, पण तिसरी वाट उरत नाही. ज्या ओळीत भावनेचे नाव आहे, त्या ओळीत गायिकेचे काम लिहिणाऱ्याने आधीच करून टाकलेले असते.

म्हणून नायिका त्या क्षणी हाताने काय करते आहे, हे विचारावे. दिवेलागण झाली आहे, समोर पणती आहे, वात भिजवून ठेवली आहे. तिने दिवा लावला तर संध्याकाळ झाली हे तिनेच कबूल केले, म्हणजे त्याला उशीर झाला हेही कबूल केले. नाही लावला तर अंधारात त्याला दार सापडायचे नाही. शिवाय तिन्हीसांजेला घरात दिवा नसणे हे आपल्याला किती खुपते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. या अडखळलेल्या हातातून ओळ मिळाली:

*साँझ भई, दियना बारूँ ना बारूँ*

‘बारना’ म्हणजे दिवा पेटवणे. ‘संध्याकाळ झाली, दिवा लावू की नको’ एवढाच तिचा अर्थ. विरह, आग, जीव यांपैकी एकही शब्द तिच्यात नाही.

थांबा बदलून ओळ तपासावी

चाल लावण्याआधी ही ओळ नुसती बोलून पाहावी आणि दर वेळी थांबण्याची जागा बदलावी. ‘बारूँ… ना बारूँ?’ असे म्हटले तर तो सखीला विचारलेला सरळ प्रश्न होतो. ‘दियना बारूँ ना’ इथे थांबले तर तो हट्ट होतो, मी नाहीच लावणार. आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने, खालच्या स्वरात एकटा ‘बारूँ’ आला तर ती हट्ट सोडते आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. ‘ना… ना बारूँ’ असा नकार दुप्पट केला तर त्यात रुसवा येतो, म्हणजे जो अजून आलेला नाही त्याच्याशी भांडण सुरू झालेले असते. नुसते ‘साँझ भई’ तीनदा म्हटले तर पहिल्यांदा ती माहिती असते, दुसऱ्यांदा भीती, तिसऱ्यांदा तिने मान खाली घातलेली दिसते.

निदान चार अर्थ निघाले नाहीत तर ओळ टाकून द्यावी. दुरुस्ती करत बसू नये, कारण हा दोष एखादा शब्द बदलून सहसा जात नाही. त्या ओळीच्या मुळाशी दुविधाच नसते.

माझ्या दुसऱ्या खर्ड्यात ‘पिया’ हा शब्द होता: ‘साँझ भई पिया, दियना बारूँ ना बारूँ’. तो मी काढला. ओळीत तो बांधून टाकला की ओळ कायम प्रियकरालाच उद्देशून होते, मग सखीला विचारायची सोय राहत नाही. बाहेर ठेवला तर गायिका हवे तेव्हा ‘साँझ भई, हाय, पिया’ किंवा ‘अरी सखी, साँझ भई’ असे भरणीचे शब्द घालून श्रोता बदलू शकते. ही भर कागदावर लिहू नये. तिच्यासाठी जागा मोकळी सोडावी.

तालात बसवताना सम कुठे येते ते पाहावे

बोल-बनावाच्या ठुमरीला दीपचंदी हा ताल फार चालतो. त्याच्या चौदा मात्रा ३, ४, ३, ४ अशा विभागलेल्या असतात, सम पहिल्या मात्रेवर आणि काल आठव्या मात्रेवर असतो. आपली ओळ कालापासून उचलली तर अशी बसते:

आठ ते दहा: साँ – ऽ – झ
अकरा ते चौदा: भ – ई – दिय – ना
एक ते तीन: बा – ऽ – रूँ
चार ते सात: ना – बा – ऽ – रूँ

सम पहिल्या ‘बारूँ’च्या ‘बा’वर पडते. म्हणजे आवर्तनाचा सगळा भार ‘लावू’ या शब्दावर येतो आणि ‘नको’ त्याच्या मागून, सम ओसरल्यावर, हळूच येते. मला वाटते या ओळीचे मर्म इथेच आहे. हीच ओळ समेपासून उचलून ‘साँ’वर सम आणली तर तीही गाता येईल, पण मग ती संध्याकाळची ठुमरी होईल, दुविधेची राहणार नाही. ‘भई’च्या ‘ई’वर सम आली तर मात्र ऐकतानाच खटकते, कारण तिथे अर्थाचे वजन काहीच नाही आणि बंद स्वरावर आवाज मोकळा उतरत नाही. समेच्या अक्षरात शक्यतो ‘आ’ असावा, हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ काम होते.

राग निवडणे हे गायिकेचे काम आहे, तरी लिहिणाऱ्याने मनात एखादा धरलेला बरा. मी पिलू धरला, कारण त्यात दोन्ही गंधार येतात: पहिला ‘बारूँ’ शुद्ध गंधारावर टेकवला आणि ‘ना बारूँ’ कोमल गंधारावर उतरवला, तर आशा आणि शंका यांच्यात अर्ध्या स्वराचेच अंतर उरते. भैरवीत गायचे असेल तर ‘साँझ’च्या जागी ‘भोर’ घालून भागणार नाही. पहाटेचा दिवा लावायचा नसतो, विझवायचा असतो. नायिकाही तोवर विप्रलब्धा झालेली असते आणि तिला दुसरी ओळ लागते.

भाषा मऊ ठेवावी

ब्रज, अवधी आणि भोजपुरीच्या छटा ठुमरीत एकमेकींत मिसळतात, त्यामुळे व्याकरणाची फार काटेकोर चिंता नको. जोडाक्षरे मात्र टाळावीत; ‘प्रतीक्षा’, ‘संध्या’, ‘स्पर्श’ असे शब्द लांबवताना तोंडात अडकतात. श, ण, व यांच्या जागी बहुधा स, न, ब येतात. मराठी माणसाची खास चूक उच्चारात होते. ‘साँझ’मधला झ हा ‘माझा’तला नव्हे, ‘माझी’तला आहे, आणि हे गाणाऱ्याला आधी सांगितलेले बरे.

अंतरा दार बंद करणारा नसावा

अंतरा एकच आणि दोन ओळींचा पुरतो. तो वरच्या षड्जाकडे जातो आणि मुखड्यावर परततो, म्हणून परतल्यावर मुखडा खोटा पडणार नाही एवढे पाहावे. ‘पिया घर आये, दियना बारा’ असा अंतरा मी लिहून पाहिला होता. तो गोड आहे, पण त्यानंतर ‘बारूँ ना बारूँ’ विचारण्याला अर्थच उरत नाही. अंतऱ्याने दुविधेची दोन्ही टोके दाखवावीत आणि तिथेच थांबावे:

*बारूँ तो सूनी सेज निहारे*
*ना बारूँ तो पिय भूले दुआरे*

दिवा लावला तर रिकामी शेज माझ्याकडे पाहत राहते, नाही लावला तर तो दार चुकतो. शेवटचा ‘दुआरे’ लांबवून त्यातूनच ‘साँझ भई’ उचलता येते.

शेवटी लग्गीची कसोटी घ्यावी. ठुमरीच्या अखेरीस तबलजी बहुधा केरव्याच्या अंगाने द्रुत लग्गी वाजवतो आणि गायिका मुखडा साध्या रीतीने पुन्हापुन्हा म्हणत राहते. तेव्हा अर्थ काढायला सवड नसते, नुसता नाद उरतो. हाताने ठेका धरून ओळ दुप्पट लयीत दहा वेळा म्हणावी. ‘बारूँ ना बारूँ’ झोक्यासारखे येजा करते, म्हणून ही ओळ तिथे टिकते. जीभ अडखळली तर कुठले अक्षर अडते ते त्याच वेळी कळते.

गायिकेच्या हाती कागद देताना मुखडा आणि अंतरा मिळून तीन ओळी द्याव्यात, समेच्या अक्षराखाली एक खूण करावी आणि बाकी काही लिहू नये. वर समजावण्यासाठी मी मुखड्यात स्वल्पविराम घातला आहे, तोही त्या कागदावर नसावा, कारण कुठे थांबायचे हे तिने मैफलीत, त्या वेळी ठरवायचे आहे.