विकत घेतलेल्या ब्रँडची किंमत ठरवताना या चुका टाळा

दुसरी कंपनी विकत घेतली की मोजलेल्या रकमेची फोड करावी लागते. यंत्रं, माल, येणी-देणी रास्त मूल्याला मांडायची, मग ब्रँड आणि ग्राहकसंबंधांसारख्या अमूर्त मालमत्ता वेगळ्या काढायच्या, आणि एवढं करून जे उरतं ते गुडविल. म्हणजे ब्रँडचा आकडा चुकला की गुडविलचाही चुकलाच. तरीही तपासणीला येणाऱ्या फायलींत त्याच त्या चुका असतात.

सगळ्यात जास्त वैताग आणणारी चूक रॉयल्टीच्या दराची. ब्रँडचं मूल्य काढायची नेहमीची पद्धत अशी: हा ब्रँड आपला नसता, दुसऱ्याकडून वापरायला घेतला असता, तर विक्रीवर किती टक्के रॉयल्टी द्यावी लागली असती? ती वाचलेली रॉयल्टी, कर वजा करून, आजच्या मूल्यात आणायची. सगळा खेळ त्या टक्क्यावर आहे, आणि घाई झालेला माणूस तो टक्का इतर ब्रँडच्या रॉयल्टी करारांच्या यादीची सरासरी काढून उचलतो.

माझ्याकडे आलेली एक फाइल सांगते ते पाहा. धंदा पॅकबंद खाद्यपदार्थांचा, पुढच्या वर्षीची अपेक्षित विक्री २०० कोटी, रॉयल्टी ५ टक्के. म्हणजे १० कोटी, २५ टक्के कर गेल्यावर साडेसात. पुढचे पैसे आजच्या मूल्यात आणायचा डिस्काउंट रेट १२ टक्के, कायमची वाढ ४ टक्के, म्हणून साडेसातला त्यांच्यातल्या फरकाने, म्हणजे ८ टक्क्यांनी भागलं आणि ब्रँड आला सुमारे ९४ कोटींचा. गणितात खोट नव्हती. पण त्या धंद्याचा परिचालन नफाच विक्रीच्या ८ टक्के, म्हणजे १६ कोटी होता. त्यातले १० कोटी नुसत्या नावासाठी देऊन उरलेल्या ६ कोटींत कारखाना, वितरण आणि खेळतं भांडवल पोसायला कोण तयार होईल? यादी उघडली तर बहुतेक करार अत्तरं आणि कपड्यांचे निघाले. तिथे नफ्याचं प्रमाण मोठं, म्हणून रॉयल्टीही मोठी.

दर अडीच टक्के धरला तर तोच ब्रँड ४७ कोटींवर येतो. खरेदीची रक्कम १८० कोटी आणि बाकीची निव्वळ मालमत्ता ६० कोटी होती, त्यामुळे गुडविल २६ कोटींऐवजी ७३ कोटी होतं. त्या कंपनीने ९४ कोटीच ठेवले. पुढे इम्पेअरमेंट, म्हणजे पुस्तकातलं मूल्य घटवून तोटा लिहायची पाळी आली, तेव्हा व्यवस्थापन बाजाराला दोष देत होतं. ब्रँडला काहीच झालं नव्हतं, मूळ आकडाच फुगलेला होता.

माझी सवय साधी आहे. टक्का ठरवण्याआधी मी नफा पाहतो. रॉयल्टीने नफ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग खाल्ला, तर त्यामागचं कारण लेखी मागतो. हा काही नियम नाही. पण तयार यादीच्या सरासरीपेक्षा यावर माझा कितीतरी जास्त भरवसा आहे.

ब्रँडचं मूल्य चढवलं की त्यावरचं स्थगित करदायित्वही, म्हणजे पुढे भरावा लागणारा कर, सहसा नोंदवावं लागतं आणि तेवढंच गुडविल वाढतं. वरच्या ४७ कोटींवर २५ टक्क्यांनी ते जवळपास १२ कोटी होतं, वरच्या ७३ कोटींत ते धरलेलं नाही. हे विसरणारे खूप आहेत. खरेदीदाराचा स्वतःचा, घरी वाढवलेला ब्रँड मात्र ताळेबंदात आणता येत नाही, आयएएस ३८ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक ते स्पष्ट नाकारतं.

दुसरी मोठी चूक इम्पेअरमेंटच्या चाचणीत होते. गुडविलची एकट्याने चाचणी होत नाही; ज्या रोकड निर्माण करणाऱ्या युनिटला ते जोडलंय, त्या युनिटची होते. मग विकत घेतलेला धंदा जुन्या, भक्कम युनिटमध्ये मिसळला जातो. जुन्या धंद्याचं पुस्तकी मूल्य कमी आणि खरं मूल्य जास्त असतं, कारण त्याचं घरचं गुडविल पुस्तकात नसतंच. त्या फरकाच्या आडोशाला नव्या धंद्याची पडझड दिसेनाशी होते. सोय म्हणून युनिट मोठं करणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. आयएएस ३६ गुडविलसाठी विभागापेक्षा मोठा गट चालू देत नाही, पण विभागाएवढा आडोसाही बराच मोठा असतो. मी तरी विकत घेतलेल्या धंद्याची विक्री आणि नफा खरेदीच्या वेळच्या अंदाजाशेजारी दरवर्षी वेगळे मांडायला लावतो. घसरण तिथे आधी दिसते.

आणि क्रम पाळा. आधी ब्रँडची चाचणी, त्याचा तोटा नोंदवा, मगच गुडविलसह युनिटची. क्राफ्ट हाइन्झ या अमेरिकी खाद्यपदार्थ कंपनीने फेब्रुवारी २०१९ मध्ये १५.४ अब्ज डॉलरची घट जाहीर केली, तेव्हा त्यात गुडविलबरोबर क्राफ्ट आणि ऑस्कर मायर हे ट्रेडमार्कही होते. आयएएस ३६ प्रमाणे परिस्थिती सुधारली तर ब्रँडची घट मागे घेता येते, गुडविलची कधीच नाही. म्हणून एकूण तोट्यातला कुठला भाग कशावर टाकला, हे फाइलमध्ये त्याच वर्षी लिहून ठेवा.