छापील बातमीतून रेडिओ बुलेटिनची प्रत: लांब वाक्य कसं सोडवावं

वर्तमानपत्रातली चारशे शब्दांची बातमी बुलेटिनमध्ये अर्ध्या मिनिटात बसवायची असते. त्यासाठी बहुतेकांना सल्ला मिळतो तो एकच: पहिला परिच्छेद ठेवा, बाकीचं उडवा. हा सल्ला चुकीचा आहे. मराठी वर्तमानपत्राचा पहिला परिच्छेद पुष्कळदा एकच वाक्य असतो आणि ते वाक्य कानासाठी लिहिलेलं नसतं. ते तसंच उचललं, तर प्रत लहान होते, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पुढचं सगळं एका नमुन्यावर दाखवलं आहे. बातमी समजावण्यासाठी रचलेली आहे, म्हणून त्यात धरणाचं आणि नदीचं नाव नाही. खऱ्या प्रतीत ही नावं पहिल्याच वाक्यात येतील.

> पाणलोट क्षेत्रात गेल्या दोन दिवसांपासून सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे धरणाच्या पाणीसाठ्यात झपाट्याने वाढ होऊन जलाशय ९१ टक्के भरल्याने आज सकाळी १० वाजता प्रकल्पाचे ६ दरवाजे उघडून नदीपात्रात १८,४०० क्युसेक विसर्ग सुरू करण्यात आला असून, डाव्या कालव्यात पाणी न सोडण्याचा निर्णय घेण्यात आला आहे व नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे, असे आवाहन पाटबंधारे विभागाने केले आहे.

आधी काय टाकायचं

बातमी एकदा पूर्ण वाचा, बाजूला ठेवा आणि न बघता तोंडाने सांगा. जे आपोआप आठवलं ते ठेवा. दरवाज्यांचे क्रमांक, गेल्या वर्षी याच तारखेचा साठा, पाहणीला कोण कोण हजर होतं, हे सगळं जातं.

वेळेचा हिशोब

बातम्यांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाला पन्नास-साठ. पण मराठीत शब्दसंख्या फसवी असते. ‘जिल्हाधिकाऱ्यांच्याकडून’ हा मोजणीत एक शब्द आहे आणि ‘घर’ हाही एकच. म्हणून शब्द मोजून अंदाज घ्या आणि निकाल घड्याळावर लावा, तोही मोठ्याने वाचून. मनात वाचताना वेग नेहमी जास्त असतो.

अवघड टप्पा: वाक्य सोडवणं

इथेच बहुतेक प्रती बिघडतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. छापील वाक्यात त्या क्रियापदाच्या आधी एकात एक अडकवलेले तुकडे असतात. डोळा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, कानाला ती सोय नाही. नमुन्यात ‘केले आहे’ येईपर्यंत ऐकणाऱ्याला पाऊस, साठा, टक्के, वेळ, दरवाजे, क्युसेक आणि कालवा हे सगळं तोलून धरावं लागतं. तो इतकं धरत नाही.

वाक्य छोटं करायचं म्हणून मधले शब्द गाळू नका. शब्द गाळले तरी सांगाडा तसाच राहतो. त्याऐवजी सांधे शोधा. छापील मराठीतले सांधे ठरलेले आहेत: ‘असलेल्या’, ‘-ल्याने’, ‘होऊन’, ‘उघडून’ आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा ‘असून’. पेन्सिल घेऊन प्रत्येकाखाली रेघ मारा. नमुन्यात ‘असलेल्या’, ‘होऊन’, ‘भरल्याने’, ‘उघडून’, ‘असून’ हे पाच सांधे आहेत, शिवाय ‘व’. प्रत्येक सांध्यावर वाक्य तोडा आणि सुट्या झालेल्या तुकड्याला त्याचं स्वतःचं क्रियापद द्या. ‘सुरू असलेल्या पावसामुळे’ याचं होतं ‘पाऊस सुरू आहे’. ‘भरल्याने’ याचं होतं ‘धरण भरलं आहे’.

‘असून’च्या जागी पूर्णविराम द्या, ‘आणि’ नको. ‘आणि’ घातलं की तेच लांब वाक्य दुसऱ्या वेशात परत येतं.

तुकडे सुटे झाले की क्रम बदला. वर्तमानपत्र कारणापासून सुरू करतं, कारण ‘-ल्याने’ची रचना तसं करायला भाग पाडते. बुलेटिनमध्ये आधी घडलेली गोष्ट, मग ऐकणाऱ्याने काय करायचं ते, आणि शेवटी कारण. दोन दिवस पाऊस पडतोय हे काठावरच्या माणसाला ठाऊक आहेच. दरवाजे उघडले, हे त्याला ठाऊक नाही.

वाक्य तोडलं की एक नवा धोका उभा राहतो, आणि तो फार जणांच्या लक्षात येत नाही. छापील बातमीत शब्दाची पुनरुक्ती टाळायची सवय असते. त्यामुळे नमुन्यात एकच वास्तू ‘धरण’, ‘जलाशय’ आणि ‘प्रकल्प’ अशा तीन नावांनी येते. ऐकणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. एक शब्द निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. ‘ते’, ‘त्यात’, ‘याबाबत’ यांवरही विश्वास ठेवू नका. मधे एक वाक्य गेलं की ‘त्यात’ म्हणजे नदीत की कालव्यात, हे कानाला कळत नाही. नाव पुन्हा घ्या. कागदावर ते खटकेल, ऐकताना खटकत नाही.

आता ‘असे आवाहन केले आहे’. कोण बोललं हे छापील बातमी शेवटी सांगते. आवाहनात त्याने एवढं बिघडत नाही. आरोपात मात्र फार बिघडतं. ‘कामात मोठा गैरव्यवहार झाला असून निकृष्ट साहित्य वापरण्यात आले, असा आरोप…’ हे वाचताना ‘आरोप’ शब्द येईपर्यंत ते विधान तुमच्या केंद्राचं असतं. तेवढ्यात कोणी रेडिओ बंद केला, तर तुम्ही ते ठामपणे सांगून मोकळे झालेले असता. म्हणून बोलणाऱ्याचं नाव पुढे, क्रियापद मागे आणि मधे आठ-दहा शब्दांपेक्षा जास्त काही नाही. तेवढ्यात मावत नसेल तर दोन वाक्यं करा आणि दुसऱ्यातही बोलणाऱ्याचा उल्लेख ठेवा.

‘न’ कानाला ऐकू येत नाही

नमुन्यातला सगळ्यांत धोकादायक भाग ‘पाणी न सोडण्याचा निर्णय’ हा आहे. ‘पाणी’च्या शेवटाला हा एकाक्षरी ‘न’ चिकटतो, थोडी खरखर असली की गिळला जातो आणि उरतं ‘पाणी सोडण्याचा निर्णय’. बातमी उलटी होते. वाचणाऱ्याने ‘न’वर जोर द्यावा, हा उपाय नव्हे, कारण घाईत तो जोर राहून जातो. नकार वाक्याच्या शेवटी, पूर्ण शब्दात आणा: ‘पाणी सोडलं जाणार नाही’. ‘वैध’ आणि ‘अवैध’ यांचंही तेच. ‘बांधकाम अवैध’ असं लिहिण्यापेक्षा ‘बांधकामाला परवानगी नव्हती’ असं लिहा, अर्थात मूळ बातमीत कारण तेच असेल तर.

आकडे

प्रतीत आकडे अक्षरांत लिहा. ५९ आणि ६९, ७९ आणि ८९ समोर आले की सराईत वाचकही ‘एकोण’पाशी अडखळतो. ‘एकोणऐंशी’ असं लिहिलेलं असेल तर अडखळत नाही.

मराठीतले सव्वा, दीड, पावणे, साडे कानासाठीच घडलेले आहेत, ते वापरा. १८,४०० क्युसेकचं ‘सुमारे साडेअठरा हजार’ होतं. विसर्ग तासातासाला बदलतो, त्यामुळे इथे गोळाबेरीज चालते. मृतांची संख्या, मतं, परीक्षेची तारीख यांत कधीही चालत नाही.

‘सात’ आणि ‘साठ’ वेगळे ऐकू येतील असं गृहीत धरू नका. ‘अपघातात सात जण जखमी’ असेल तर पुढे ‘त्यात चार महिला आणि तीन मुलं’ असं जोडा. बेरजेतून आकडा पक्का होतो. तपशील मिळत नसेल तर आकडा पुढच्या वाक्यात पुन्हा आणा: ‘या सातही जणांना रुग्णालयात दाखल केलं आहे.’

‘केले’ की ‘केलं’

बोली रूपं प्रतीतच लिहा, वाचताना बदलू असं म्हणू नका. नाही तर एका वाक्यात ‘सांगितलं’ आणि पुढच्यात ‘म्हटले’ येतं. पण संगणकावर सरसकट शोधा-आणि-बदला करू नका. नपुंसकलिंगी ‘पाणी सोडले’चं ‘सोडलं’ होतं, ‘गावे’चं ‘गावं’ होतं, ‘विभागाने’चं ‘विभागानं’. ‘दरवाजे उघडले’ हे पुल्लिंगी अनेकवचन आहे, ते तसंच राहतं. ‘दरवाजे उघडलं’ असं छापून आलेल्या प्रती याच बदलातून जन्मतात. ‘व’चं ‘आणि’ करा, ‘रु.’, ‘कि.मी.’, ‘क्र.’ ही रूपं पूर्ण लिहा.

वर्तमानपत्रातला ‘आज’ आणि ‘काल’ वाचण्याच्या दिवसाशी ताडून बघा. सकाळच्या अंकातला ‘काल’ दुपारी अजून कालच असतो, पण मध्यरात्रीनंतरच्या बुलेटिनमध्ये नसतो.

तयार प्रत

> धरणाचे सहा दरवाजे आज सकाळी दहा वाजता उघडले आहेत. नदीत सुमारे साडेअठरा हजार क्युसेक पाणी सोडलं जात आहे. पाटबंधारे विभागानं नदीकाठच्या गावांना सावध राहायला सांगितलं आहे. डाव्या कालव्यात मात्र पाणी सोडलं जाणार नाही. धरणाच्या पाणलोट क्षेत्रात दोन दिवसांपासून मुसळधार पाऊस सुरू आहे. धरण आता एक्याण्णव टक्के भरलं आहे.

पन्नासच्या आत शब्द, सहा वाक्यं, सहा स्वतंत्र क्रियापदं. वेळ कमी पडली तर शेवटची दोन वाक्यं जागच्या जागी कापता येतात, बाकीच्याला धक्का लागत नाही. कारण शेवटी ठेवण्याचा हा दुसरा फायदा आहे: थेट प्रक्षेपणात निर्मात्याने हाताने खूण केली तरी बातमी पूर्ण होते. वेळ शिल्लक राहिली तर मूळ बातमीतलं आवाहन सविस्तर घ्या, म्हणजे नदीत उतरू नये, काठावरची जनावरं आणि मोटारपंप हलवावेत, असं काही असेल ते. गेल्या वर्षीचा साठा परत आणू नका.

छापताना अक्षर मोठं, ओळींत दुप्पट अंतर आणि कागदाच्या एकाच बाजूला. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाऊ देऊ नका.

तपासणी

बातमी न वाचलेल्या एखाद्याला तुमच्याकडे पाठ करून बसवा आणि प्रत एकदाच वाचा. मग तीन प्रश्न विचारा: दरवाजे किती उघडले, सावध कोणी राहायचं, डाव्या कालव्यात पाणी येणार का? एखादं उत्तर चुकलं तर पुन्हा सावकाश वाचून दाखवू नका. ते उत्तर ज्या वाक्यात होतं ते वाक्य नव्याने लिहा आणि दुसऱ्या माणसाला ऐकवा, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत झालेलं असतं.