‘टर्मिनेट’ दिसलं की आधी विचारा: करार कोण संपवतंय?

जळगावच्या एका केळी पावडर निर्यातदाराचा करार रशियनमध्ये भाषांतरित करताना मी प्रत्येक ‘टर्मिनेट’ला ‘रस्तर्झेनिये’ लिहीत गेले होते. रशियन नागरी संहितेत मात्र या शब्दाचा मुख्य अर्थ दोघांच्या संमतीनं किंवा न्यायालयातून करार मोडणं असा आहे. आता करारातलं कलम असं तपासते:

1. एकच पक्ष नोटीस देऊन बाहेर पडतोय? ‘अद्नस्तरोन्नी अत्काझ’, म्हणजे एकतर्फी माघार (संहितेचं कलम 450.1).
2. दोघं मिळून किंवा न्यायालयातून? ‘रस्तर्झेनिये’.
3. मुदत संपली किंवा काम पुरं झालं? ‘प्रेक्रश्चेनिये’. हा सर्वसमावेशक शब्द.

आमच्या कलमात ‘30 दिवसांची नोटीस’ होती, म्हणजे पहिला प्रकार. कराराची समाप्ती ‘नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांनी’ हे स्पष्ट लिहा, एरवी नोटीस पोचताच करार संपला असं धरतात.

दायित्वाच्या कलमात ‘लायबिलिटी’ म्हणजे ‘अत्व्येत्स्त्वेन्नस्त’. ‘अब्याझातेल्स्त्वो’ लिहू नका, ते कर्तव्य झालं. आणि मूळ मजकुरात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाचीही जबाबदारी झटकली असेल, तर भाषांतर अचूक करा, पण अशिलाला लगेच कळवा: संहितेच्या कलम 401 नुसार अशी आगाऊ सूट रद्दबातल ठरते.